मध्यस्थीची टर्मशीट: ठरलेलं, राहिलेलं आणि कोणी काय करायचं

प्रश्न: फोंड्याला आमच्या घरच्या मालमत्तेच्या दाव्यात गेल्या शुक्रवारी मध्यस्थी झाली. संध्याकाळी हाताने लिहिलेल्या दोन पानांवर, म्हणजे टर्मशीटवर, सगळ्यांनी सह्या केल्या. आता दोन्ही वकील म्हणतात, यातलं काय ठरलं, काय राहिलं आणि कोणी काय करायचं ते आधी वेगळं काढा. मला तर वाचताना सगळंच ठरल्यासारखं वाटतंय. हे काम नेमकं कसं करायचं?

उत्तर: दिवसभर बसून दमलेली माणसं संध्याकाळी जे लिहितात, ते दुसऱ्या दिवशी असंच वाचलं जातं. त्या खोलीत काय बोलणं झालं ते सगळ्यांच्या डोक्यात ताजं असतं, त्यामुळे कागदावर नसलेलंही आपण कागदावर वाचतो. महिन्याभराने तोच कागद घेतला की प्रत्येकाला त्यात वेगळं दिसतं. तुमचं काम त्या महिन्याच्या आत करायचं आहे.

तुमची पानं मी पाहिलेली नाहीत, म्हणून माझ्या हाताखालून गेलेल्या एका प्रकरणावरून सांगतो. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. दोन भाऊ, एक बहीण. वडिलांच्या पश्चात इन्व्हेंटरी, म्हणजे गोव्यातली वारसा ठरवण्याची न्यायालयीन प्रक्रिया, होऊन तिघांना समान अविभक्त हिस्सा मिळाला होता, आणि आता वाटणीचा दावा चालू होता. मिळकत म्हणजे फोंडा तालुक्यातलं जुनं घर आणि त्याला लागून असलेलं कुळागर. शिवाय दोघा भावांनी कर्ज काढून बाजारात एक दुकान घेतलं होतं, ते दाव्यात नव्हतं. जुलैतल्या एका संध्याकाळी टर्मशीटवर सहा ओळी आल्या:

घर थोरल्याकडे. बहिणीला तिच्या हिश्शापोटी थोरला 18 लाख दोन हप्त्यांत देईल. कुळागर दोघा भावांत अर्धं-अर्धं, पाणी पूर्वीप्रमाणे. दुकान धाकट्याकडे, कर्ज तोच फेडेल. दोन्ही बाजू सर्व केसेस मागे घेतील. चवथीला सगळे पूर्वीसारखे मूळ घरी येतील.

हे वाचून कुणालाही वाटेल की आता फक्त टाईप करायचं राहिलं आहे. मी प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारतो. उद्या एका बाजूने फोन उचलणं बंद केलं, तर न्यायालयाचा बेलीफ हे वाक्य हातात घेऊन, कुणालाही काहीही न विचारता, अंमलात आणू शकेल का? आणू शकत असेल तर ते ठरलेलं. त्याला एकही प्रश्न विचारावा लागत असेल, तर तो प्रश्न हाच तुमचा राहिलेला मुद्दा. कसोटी इतकी कडक ठेवायला कारण आहे. तडजोडीवरून एकदा हुकूमनामा झाला की अंमलबजावणी करणारं न्यायालय त्याच्या शब्दांच्या मागे जात नाही. आणि ज्याचा अर्थ निश्चित नाही व निश्चित करताही येत नाही, असा करार 1872 च्या करार कायद्याच्या कलम 29 प्रमाणे निरर्थक ठरतो.

पैशाच्या ओळीवर हे लावून पाहा. '18 लाख दोन हप्त्यांत.' रक्कम नक्की, हप्ते दोन हेही नक्की. पण पहिला हप्ता किती, कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यात, आणि चुकला तर काय? शिवाय या ओळीत एक मोठी गोष्ट लपली आहे: आधी पैसे की आधी हक्क सोडणं? बहिणीला वाटत होतं की पूर्ण 18 लाख हातात आल्यावर तिचा हिस्सा सुटेल. थोरल्याला वाटत होतं की पहिल्या हप्त्याला सुटेल, कारण घरावर कर्ज काढूनच तो दुसरा हप्ता भरणार होता. दोघंही प्रामाणिक होती. ओळ दोघांनाही पुरत होती, म्हणूनच दोघांनी सही केली होती.

माझ्या कागदावर ती ओळ अशी उतरली:

> मूळ शब्द: 'बहिणीला तिच्या हिश्शापोटी थोरला 18 लाख दोन हप्त्यांत देईल.'
> ठरलेलं: एकूण रक्कम 18 लाख. देणारा थोरला भाऊ, घेणारी बहीण. हप्ते दोन.
> राहिलेलं: (क) प्रत्येक हप्त्याची रक्कम व तारीख. (ख) बहिणीचा हक्क कोणत्या हप्त्याला सुटतो. (ग) हप्ता चुकल्यास परिणाम.
> पुढची कृती: थोरला भाऊ बँकेकडून कर्ज मिळण्याच्या शक्यतेचं पत्र व तारीख घेईल आणि 25 जुलैपर्यंत त्याची प्रत दोन्ही वकिलांना देईल. बहीण (ख) आणि (ग) बाबत आपलं म्हणणं त्याच तारखेपर्यंत मध्यस्थांकडे देईल.

यात मूळ शब्द जसेच्या तसे ठेवले आहेत, शुद्धलेखनाची चूकसुद्धा सुधारायची नाही. सही त्या शब्दांवर आहे, तुमच्या सारांशावर नाही. कृतीत प्रत्येक ठिकाणी एकच माणूस, एकच काम, एक तारीख आणि काम झाल्याचा एक पुरावा आहे. 'दोन्ही बाजू मिळून बँकेशी बोलतील' असं लिहिलं की कुणीच बोलत नाही. काम खरोखर दोघांचं असेल तर सुरुवात कोण करणार तेवढं तरी लिहा.

राहिलेले मुद्दे काढले की ते तीन जातींचे निघतात, आणि ही जात ओळखणं मला या सगळ्या कामात सर्वांत महत्त्वाचं वाटतं. काही मुद्द्यांत फक्त आकडा किंवा तारीख सुटलेली असते, वाद नसतो. बहिणीचा खाते क्रमांक हा असा मुद्दा, एका फोनवर मिटतो. काही मुद्दे तिसऱ्यावर अवलंबून असतात: बँक, मोजणीदार, सब-रजिस्ट्रार. तिथे पक्षकारांनी कितीही मान हलवली तरी उपयोग नाही, त्या तिसऱ्याचा कागद यावा लागतो. आणि काही मुद्द्यांवर खरा मतभेद असतो, जो त्या संध्याकाळी दमल्यामुळे किंवा भिडेपोटी कुणी उघडलाच नाही. वरचा (ख) तसाच. असा मुद्दा फक्त पक्षकार सोडवू शकतात, मध्यस्थासमोर बसून. कागद तयार करणाऱ्याने तो स्वतः भरायचा नाही, कितीही सोपा दिसला तरी.

हे मी चूक करून शिकलो. पूर्वी एका प्रकरणात ताबा देण्याची तारीख टर्मशीटवर नव्हती. बोलण्यात तीन महिने असं आलं होतं, म्हणून मी मसुद्यात 'तीन महिन्यांत' लिहिलं. ज्यांना घर रिकामं करायचं होतं त्या बाईंनी ते वाचलं आणि म्हणाल्या, 'हे मी कबूल केलेलं नाही, मग बाकीचं तरी कशावरून माझं आहे?' त्यांचं बरोबर होतं. तीन महिन्यांना त्या शेवटी तयार झाल्याच, पण विश्वास परत यायला दोन बैठका जास्त लागल्या. तेव्हापासून कागदावर नसलेली तारीख मी 'राहिलेलं' याखालीच लिहितो.

आता घराची ओळ. 'घर थोरल्याकडे' यात काही राहिलेलं नाही असं वाटतं, पण गोव्यात आधी सह्या मोजा. आपल्याकडच्या नागरी कायद्यात नवरा-बायकोची मिळकत साधारणपणे समाईक असते, अगदी वारशाने आलेलीसुद्धा. लग्नापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर बहिणीच्या हिश्शात तिच्या नवऱ्याचा अर्धा वाटा असतो, आणि त्याच्या संमतीशिवाय तिला तो सोडता येत नाही. म्हणूनच आपल्याकडच्या दाव्यांत जोडप्यानं नावं असतात. या प्रकरणात दोघी भावजया त्या दिवशी हजर होत्या आणि त्यांनी सह्या केल्या होत्या. बहिणीचा नवरा तारवटी, बोटीवर होता. व्हिडीओ कॉलवरून तो 'चालेल' म्हणाला आणि सगळे ते धरून चालले. पण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 23, नियम 3 ला पक्षकारांनी सही केलेला लेखी करार लागतो. 'चालेल' हे कुठेच बसत नाही.

म्हणून घराच्या ओळीखाली 'राहिलेलं: बहिणीच्या पतीची लेखी संमती' असं आलं. कृती बहिणीकडे: त्याच्याकडून मुखत्यारपत्र मागवायचं, त्याने ते बंदरावरच्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करायचं. त्या मुखत्यारपत्रात या दाव्यात तडजोड करण्याचा आणि हिस्सा सोडण्याचा अधिकार स्पष्ट शब्दांत असला पाहिजे, नुसतं 'दावा चालवण्याचा अधिकार' पुरत नाही. परदेशात केलेला कागद भारतात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक लावून घ्यायचा असतो, तेही कृतीतच लिहून टाका, नाहीतर ते ऐनवेळी आठवतं. तुमच्याकडेही पहिलं काम हेच करा: दाव्याच्या शीर्षकातली सगळी नावं आणि टर्मशीटवरच्या सह्या शेजारी ठेवून एकेक ताडून पाहा.

कुळागराची ओळ सगळ्यांत निरागस दिसते आणि सगळ्यांत जास्त वेळ खाते. अर्धं म्हणजे क्षेत्राने की उत्पन्नाने? खालच्या अंगाला, पाटाजवळ, सुपारी आणि मिरी. वर चढाला माड आणि थोडे काजू. चौरस मीटरने अर्धं केलं तर वरच्या वाट्याला आलेल्याचं उत्पन्न निम्म्यापेक्षा कितीतरी कमी. आणि 'पाणी पूर्वीप्रमाणे' म्हणताना थोरल्याच्या मनात वडिलांच्या वेळची पद्धत होती, धाकट्याच्या मनात गेल्या पाच वर्षांतली. झर एक, तळी एक, पाट एक. मी दोघांना वेगवेगळं बसवून आठवड्याच्या सात दिवसांसमोर पाण्याची पाळी लिहायला सांगितली. चार दिवस जुळले, तीन जुळले नाहीत. मग राहिलेल्या मुद्द्यात 'पाण्याची पाळी' असं मोघम न लिहिता 'मंगळवार, शुक्रवार आणि रविवारची पाळी' असं लिहिता आलं. पुढच्या बैठकीत तेवढ्यावरच बोलणं झालं आणि अर्ध्या तासात संपलं.

वाटणीची रेषा मात्र बोलून ठरत नाही, मोजणी लागते. जुलैच्या पावसात कुळागरात मोजणीदार उतरायला तयार नव्हता, आणि त्याचं खरंच होतं. कृती अशी लिहिली: धाकटा भाऊ तीन मोजणीदारांची नावं 20 जुलैपर्यंत देईल, थोरला त्यातलं एक पाच दिवसांत निवडेल, न निवडल्यास यादीतलं पहिलं नाव पक्कं. खर्च निम्मा-निम्मा. पाऊस ओसरल्यावर आराखडा, त्यावर दोघांच्या व त्यांच्या पत्नींच्या सह्या, आणि तो आराखडा करारनाम्याला परिशिष्ट म्हणून जोडायचा. 'न निवडल्यास' हे शब्द मी प्रत्येक कृतीत शोधतो. समोरच्याने काहीच केलं नाही तर पुढे काय, हे लिहिलेलं नसेल तर ती कृती गप्प बसून अडवता येते.

दुकानाच्या ओळीत दोन खड्डे होते. पहिला नोंदणीचा. तडजोडीत दाव्याबाहेरची मिळकतही घेता येते, 1976 च्या दुरुस्तीनंतर ऑर्डर 23 मध्ये तशी स्पष्ट मुभा आहे. पण नोंदणी कायद्याच्या कलम 17(2)(6) प्रमाणे तडजोडीच्या हुकूमनाम्याला नोंदणीतून मिळणारी सूट फक्त दाव्यातल्या स्थावर मिळकतीपुरती असते. दुकान दाव्यात नव्हतं. म्हणजे हुकूमनाम्यात ते कितीही नीट लिहिलं तरी थोरल्याचा अर्धा हिस्सा धाकट्याकडे जायला सब-रजिस्ट्रारकडे नोंदलेला वेगळा दस्त लागणार, आणि त्याचा मुद्रांक व नोंदणीचा खर्च कोणी करायचा हे टर्मशीटवर नव्हतंच. घर आणि कुळागरालाही वाटणीचा अंतिम हुकूमनामा मुद्रांकावर उतरवावा लागतो. हा खर्च जवळजवळ प्रत्येक टर्मशीटमध्ये विसरलेला असतो, तुमच्याही बघा.

दुसरा खड्डा बँकेचा. 'कर्ज तोच फेडेल' हे भावाभावांत ठरू शकतं, पण बँकेच्या दृष्टीने दोघेही कर्जदार. थोरल्याचं नाव बँकच काढू शकते. हा मुद्दा तिसऱ्यावर अवलंबून असलेल्या जातीचा. धाकट्याने 31 जुलैपर्यंत बँकेला लेखी अर्ज द्यायचा आणि पोच थोरल्याच्या वकिलांना द्यायची, एवढं आपल्या हातात. बँकेने नकार दिला तर? तेव्हा धाकट्याने हप्ता चुकवल्यास थोरल्याला झालेलं नुकसान तो भरून देईल अशी लेखी हमी पुरेल का, हा प्रश्न मी थोरल्यासमोर ठेवला आणि उत्तर येईपर्यंत 'राहिलेलं' मध्येच ठेवला.

केसेस मागे घेण्याबद्दल थोडक्यात: दिवाणी अर्ज पक्षकार मागे घेऊ शकतो. पोलिसांत गेलेली तक्रार मात्र त्याच्या एकट्याच्या हातात राहिलेली नसते. गुन्हा आपसात मिटवता येण्यासारखा आहे का यावर ते अवलंबून, आणि नसेल तर उच्च न्यायालयात जावं लागतं. म्हणून 'सर्व केसेस' हे दोन शब्द फोडून प्रत्येक केसचा क्रमांक लिहा, आणि पक्षकाराने फक्त स्वतःच्या हातातलं वचन द्यावं: अमुक तारखेपर्यंत संमतीचं प्रतिज्ञापत्र देईन.

चवथीच्या ओळीबद्दल धाकट्याचे वकील म्हणाले, ही काढून टाका, याची अंमलबजावणी कोण करणार? बेलीफची कसोटी लावली तर त्यांचं खरं होतं. मी ती काढली नाही. बहिणीने 18 लाखांना होकार दिला तो ही ओळ मान्य झाल्यावर. माटोळी बांधायला आणि नैवेद्याला माहेरच्या घरात पाऊल ठेवता येणं हे तिच्यासाठी त्या रकमेचाच भाग होतं. ते आम्ही हुकूमनाम्याच्या अटींत न घालता करारनाम्यात 'कुटुंबाने एकमेकांना दिलेला शब्द' म्हणून वेगळं ठेवलं. पैशाच्या हप्त्यांशी त्याचा संबंध नाही असं स्पष्ट लिहिलं, म्हणजे एखाद्या वर्षी काही बिनसलं तर सगळी तडजोड पणाला लागणार नाही.

सगळ्या ओळी अशा फुटल्या की शेवटी त्यांच्यातली साखळी बघायची. कोणती ओळ कोणत्या ओळीशिवाय चालू शकते? कुळागराची मोजणी पावसानंतर, म्हणजे घर आणि पैसे तोवर थांबणार का? हे ठरवणं पक्षकारांचं काम, तुमचं काम तो प्रश्न विचारणं. इथे थोरला आणि बहीण थांबायला तयार नव्हते, धाकट्याला सगळं एकत्रच हवं होतं. कारण त्याची भीती होती की घर मिळाल्यावर थोरला कुळागराकडे बघणार नाही. ही भीती त्याने उघड बोलून दाखवल्यावर तोडगा निघाला: पहिला हप्ता आणि बहिणीच्या पतीचं मुखत्यारपत्र लगेच, पण घराचा हक्क पूर्ण होणार तो आराखड्यावर सह्या झाल्यावर. (ख) चं उत्तरही त्यातच मिळालं. आराखड्याच्या दिवशीच दुसरा हप्ता डिमांड ड्राफ्टने, आणि थोरल्याच्या बँकेने त्यासाठी लागणारं पत्र आधी दिलं.

दोन गोष्टी कागदाच्या माथ्यावर लिहा. एक, टर्मशीट स्वतः बंधनकारक आहे की सविस्तर करारनाम्यावर सह्या होईपर्यंत नाही. सह्या झालेल्या आहेत, तेव्हा एखादी बाजू ती तशीच न्यायालयात नेऊन 'हीच तडजोड' म्हणू शकते. पानांवर याबद्दल काही नसेल तर हा तुमचा पहिला राहिलेला मुद्दा. दोन, 'मध्यस्थीतील गोपनीय कागद, न्यायालयात दाखल करण्यासाठी नाही.' न्यायालयात जातो तो फक्त पूर्ण झालेला, सही केलेला करारनामा. त्यावर न्यायालय दाव्याचा निकाल देतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या 2010 च्या अफकॉन्स निकालापासून स्पष्ट आहे. राहिलेल्या मुद्द्यांच्या यादीत मात्र कोण कुठे अडलं आहे ते उघड दिसतं. बोलणी फिसकटली तर ती यादी पुराव्यासारखी फिरता कामा नये. त्याच कारणाने कोणी काय सोडलं, कोणी आधी किती मागितलं होतं, हे त्यात लिहूच नका.

कागद दोन्ही वकिलांना एकाच वेळी, एकाच ईमेलमध्ये पाठवा. एकाला सकाळी आणि दुसऱ्याला दुपारी गेला तरी संशय येतो. दुरुस्तीला चार दिवस द्या आणि दुरुस्ती फक्त 'हे ठरलेलं नव्हतं' किंवा 'हे राहिलेलं नाही, ठरलं होतं' एवढ्यापुरतीच मागा. नवीन मागणी आली तर ती तुम्ही घ्यायची नाही, मध्यस्थांकडे पाठवायची. ज्यांना इंग्रजी किंवा कायद्याची मराठी जड जाते त्यांना प्रत्येक ओळ त्यांच्या वकिलाने वाचून दाखवावी आणि त्यांनी प्रत्येक पानावर लहान सही करावी. मग न्यायालयाची पुढची तारीख बघा आणि त्या तारखेवरून मागे मोजत कृतींच्या तारखा घाला. मुखत्यारपत्र, बँकेचं पत्र आणि मोजणी या तिन्हींपैकी जे सर्वांत उशिरा येणार, त्यावरून पुढची तारीख कधीची मागायची ते ठरतं. आमच्या प्रकरणात मोजणी सर्वांत उशिरा होती, म्हणून दोन्ही वकिलांनी मिळून डिसेंबरची तारीख मागितली.